‘सालस, सुस्वभावी’ म्हणजे नक्की कोण?

लग्नाच्या बाबतीत आपण बाकी सगळं तपासून घेतो. हलवायाचा दर प्लेटमागे किती, हॉलचं भाडं विजेसकट की विजेशिवाय, सराफ्यातल्या दागिन्याची घडणावळ किती, सगळ्याची घासाघीस होते. एकच कागद कोणी तपासत नाही, आणि सगळी सुरुवात तर त्याच कागदापासून होते. तो म्हणजे परिचय-पत्रक. बायोडाटा म्हणा, नाहीतर आपल्या इंदूरच्या परिचय संमेलनाच्या पुस्तिकेतला चौकोन म्हणा. वर ‘श्री महावीराय नमः’, उजवीकडे फोटो आणि खाली पंधरा-वीस ओळी. त्या ओळी बहुतेक वेळा वडिलांनी सांगितलेल्या असतात, टायपिंगवाल्याने आपल्याकडच्या जुन्या नमुन्यात बसवलेल्या असतात, आणि ज्या मुलीबद्दल त्या असतात तिने त्या छापून आल्यावरच वाचलेल्या असतात.

गेली काही वर्षं नात्यातल्या आणि ओळखीतल्या बायका मला हे कागद दाखवायला आणतात. “तुमचं मराठी चांगलं आहे ताई, जरा नजर घाला.” त्यांना वाटतं मी ऱ्हस्व-दीर्घ बघेन. मी ऱ्हस्व-दीर्घ बघतेच. पण खरी चूक तिथे नसतेच. चूक असते ती ही, की कागदावर जे असायला हवं ते नसतं आणि जे चारचौघांत जायला नको ते ठळक अक्षरांत असतं.

दशलक्षण पर्वात आपण मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार येतात. त्यात एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटं लिहिणं, खोटा कागद करणं. त्याच्या शेजारीच दुसरा आहे रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातली, खासगी गोष्ट उघड करणं. दोन्ही दोष एकाच ओळीत, एकाच व्रताखाली. आपण पहिला ऐकतो, मान डोलावतो, आणि दुसरा काय आहे ते विचारतही नाही. माझ्या मते आपले नव्वद टक्के बायोडाटे या दोन्ही अतिचारांत एकदमच अडकलेले असतात.

एक कागद उदाहरण म्हणून घेते. मुलगी नात्यातलीच, नाव अर्थातच देत नाही, आणि ओळखू येईल असे चार तपशील बदलले आहेत. वय एकोणतीस, एम.कॉम., एका खासगी कंपनीत लेखा विभागात. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. भाऊ नाही. धाकटीचं लग्न झालेलं. घरात ती आणि आई. तिच्या काकांनी केलेला कागद असा होता:

“कन्या अत्यंत सुस्वभावी, सालस, गृहकार्यदक्ष, धार्मिक व आधुनिक विचारांचा सुरेख संगम. वर्ण गोरा, बांधा सडपातळ. नामांकित कंपनीत कार्यरत, लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी. प्रतिष्ठित परिवार. सौम्य मंगळ. विवाह उत्तम करून देऊ. अपेक्षा: सुशिक्षित, निर्व्यसनी, अनुरूप.” त्याखाली जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासह, आईचं माहेरचं नाव, घर क्रमांकासह पत्ता, कंपनीचं नाव, आणि मुलीचाच मोबाइल नंबर.

मी तिला एकच विचारलं, यातली कोणती ओळ तुझी आहे? ती म्हणाली, “मावशी, उंची.”

आता ओळी एकेक घेऊ. ‘सुस्वभावी, सालस’ या शब्दांवर हात ठेवा आणि वरचं नाव झाका. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या मुलीला लागू पडणार नाही का? समाजाच्या पुस्तिकेतल्या प्रत्येकीला लागू पडतं. कोणता बाप लिहील की कन्या आडमुठी आहे? जे वाक्य कोणालाही लावता येतं त्याने कोणाचीच ओळख होत नाही, ते काढून टाकायचं. ‘गृहकार्यदक्ष’ही तसंच, आणि वर ते एकाच बाजूच्या कागदावर का असतं? मुलाच्या पत्रकात ‘चहा करता येतो’ एवढं तरी मी आजवर वाचलेलं नाही.

‘धार्मिक व आधुनिक विचारांचा सुरेख संगम’ यावर मात्र थांबायला हवं. आपल्या घरांत हा शब्द म्हणजे रोजच्या ताटाचा प्रश्न असतो. ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिणं जैन कागदावर निरर्थक आहे. खरे प्रश्न पुढचे आहेत. घरात कंदमूळ येतं का? कांदा-लसूण? बटाटा चालतो पण चातुर्मासात नाही, असं आहे का? सूर्यास्तानंतर जेवण होतं का? चौविहार कोण पाळतं, फक्त आजी की सगळं घर? ज्या मुलीची नोकरी सात वाजता सुटते आणि जिला विजयनगरहून घरी पोहोचायला आठ वाजतात, ती अशा घरात गेली जिथे दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही, तर तिने जेवायचं कधी? हा भांडणाचा विषय लग्नानंतर तिसऱ्या दिवशी येतो, आणि दोन्ही कागदांवर ‘धार्मिक’ लिहिलेलं असतं. दोन्ही खरेच असतात. दोघांच्या मनातला अर्थ वेगळा असतो, एवढंच. म्हणून त्या जागी आम्ही लिहिलं: “पर्युषणात एकाशने करते. एरवी कांदा-बटाटा खाते, रात्री जेवते.” काका म्हणाले, “हे असं लिहितात का कुठे!” लिहीत नाहीत, म्हणूनच लिहायचं.

मग ती ओळ: ‘लग्नानंतर नोकरी सोडण्याची तयारी’. ही सरळ सरळ कूटलेखक्रिया. मुलीची तशी तयारी नव्हतीच, असणं शक्यही नव्हतं, कारण तिच्या पगारावर आईचं घर चालतं. काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटलं, ही ओळ असली की स्थळं जास्त येतील, पुढचं पुढे बघू. पुढे कोण बघणार होतं? ती, आणि तिची आई. या कागदातली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे आईची जबाबदारी, तर कागदावर कुठेच नव्हती. तिच्या जागी होतं ‘प्रतिष्ठित परिवार’. या दोन शब्दांनी घरात किती माणसं आहेत, कोण कमावतं, कोण कोणावर अवलंबून आहे, यातलं काहीही कळत नाही. आपण ते लिहितो तेच मुळी काही सांगायचं नसतं म्हणून.

नवीन ओळ तिनेच लिहिली. मी फक्त एक शब्द कमी केला. “वडील नाहीत. आई माझ्यासोबत राहते. लग्नानंतर नोकरी चालू राहील, पगाराचा एक भाग आईच्या घरखर्चासाठी जाईल, आणि पुढे गरज पडली तर आई माझ्याजवळ राहील.” मी काढलेला शब्द होता ‘कृपया’.

“असं लिहिलंत तर स्थळंच येणार नाहीत,” काका म्हणाले. हा युक्तिवाद प्रत्येक घरात होतो, म्हणून त्याचं उत्तर नीट देते. येणार नाहीत ती कोणती स्थळं? ज्यांना आईची जबाबदारी चालणार नाही ती. ती आज आली असती, दोनदा पोहे खाऊन गेली असती, पत्रिका जुळवली असती, आणि तिसऱ्या भेटीत आईचा विषय निघाल्यावर ‘कळवतो’ म्हणाली असती. किंवा, त्याहून वाईट, तो विषय निघालाच नसता. मुलीची बाजू कागद लिहिताना नेहमी आलेली स्थळं मोजते. मोजायची ती वाया गेलेली महिने-वर्षं. एकोणतिसाव्या वर्षी सहा महिने फार असतात.

मुलांच्या कागदांकडे वळते, कारण तिथली लबाडी वेगळ्या जातीची असते. मुलीच्या कागदात देह भरभरून असतो. वर्ण, बांधा, चष्मा आहे की नाही, सगळं. मुलाच्या कागदात पैसा असतो, आणि तो मात्र धूसर. ‘पॅकेज १२ लाख.’ बायकांनो, पॅकेज म्हणजे महिन्याला एक लाख नव्हे. त्या बारा लाखांत साधारणपणे काय काय मोजलेलं असतं ते बघा. कामगिरीवर मिळणारा भाग, समजा एक लाख वीस हजार, तो वर्षअखेरी मिळाला तर मिळाला. कंपनी स्वतः भविष्य निर्वाह निधीत घालते ती रक्कम आणि ग्रॅच्युइटीची तरतूद, हेही त्यातच. मूळ वेतन ४ लाख ८० हजार धरलं तर हे दोन मिळून ८० हजारांच्या आसपास होतात. उरले दहा लाख. त्यातून मुलाचा स्वतःचा निर्वाह निधी कापला जातो, पुन्हा ५७ हजारांच्या वर. म्हणजे दरमहा हातात सुमारे ७८ हजार, आणि आयकर असेल तर तो त्यातूनही जाणार. अठ्ठ्याहत्तर हजार हा उत्तम पगार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग ‘हातात येणारा मासिक पगार’ अशी साधी ओळ लिहायला काय हरकत आहे? आणि खाली घराचा हप्ता असेल तर तो. बंगळूर-पुण्यात ‘स्वतःचा फ्लॅट’ लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या फ्लॅटवर अजून बँकेचा बोजा असतो. फ्लॅट लिहायचा तर हप्ताही लिहायचा.

धंदेवाल्या घरांचं आणखी निराळं. ‘क्लॉथ मार्केटमध्ये पेढी, उत्पन्न उत्तम.’ इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटातल्या जुन्या पेढ्या म्हणजे वडील, दोन काका आणि चार चुलतभावांचं एकत्र खातं. दुकान मोठं असतं, यात शंका नाही. पण मुलाचा त्यात वाटा किती, तो भागीदार आहे की गल्ल्यावर बसून महिन्याला हातखर्च घेतो, हे ‘पेढी’ या शब्दातून कळत नाही. कागदावर ओळ हवी ती अशी: पेढी एकत्र कुटुंबाची आहे की स्वतःची, मुलगा भागीदार आहे की नाही, आणि आयकर विवरणात त्याच्या स्वतःच्या नावावर दाखवलेलं वार्षिक उत्पन्न किती. शेवटचं विचारलं की सासरकडचे रागावतात. ज्याला विवरणातला आकडा सांगायला राग येतो त्याने ‘उत्तम’ हा शब्दही लिहू नये.

‘विवाह उत्तम करून देऊ’ ही मुलीच्या कागदातली ओळ मी एका रेघेत खोडली. तिचा अर्थ सगळ्यांना कळतो. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१चा. त्यात १९८६च्या दुरुस्तीने कलम ४-अ आलं. लग्नाच्या मोबदल्यात मालमत्तेत, धंद्यात वाटा किंवा पैसे देण्याची जाहिरात करणं हाच गुन्हा, आणि ती छापणाऱ्यालाही तीच शिक्षा: सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजारांपर्यंत दंड. ‘उत्तम करून देऊ’ हे शब्द त्या कलमात नेमके बसतात की नाही, ते वकील बघतील. मला एवढंच दिसतं, की जिथे मुलीचं शिक्षण दोन शब्दांत आटोपलंय तिथे मांडवाच्या खर्चाला जागा दिली आहे.

आता ज्या शब्दाचा मला सगळ्यात जास्त संताप येतो तो: ‘निर्दोष घटस्फोटित’. इंग्रजाळलेले लोक ‘इनोसंट डिव्होर्सी’ लिहितात. निर्दोष कोणी ठरवलं? आणि मग जी ‘निर्दोष’ लिहीत नाही ती काय दोषी? या एका शब्दाने न सांगता येणारं सगळं सांगून होतं, ऐकणाऱ्याच्या मनात नको ते प्रश्न उभे राहतात, आणि कळायला हवं ते काहीच कळत नाही. घटस्फोटित व्यक्तीच्या कागदावर चारच गोष्टी हव्यात. लग्न कोणत्या वर्षी झालं, एकत्र किती काळ राहिले, न्यायालयाचा हुकूमनामा झाला आहे की प्रकरण चालू आहे, आणि मूल असेल तर ते कोणाजवळ राहतं. तिसरी गोष्ट तर कायद्याने महत्त्वाची. आपल्याला हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो, जैनांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. हुकूमनामा होण्याआधी केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, आणि हुकूमनाम्यानंतरही अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. ‘घटस्फोट झाल्यातच जमा आहे’ असं सांगणाऱ्याला तारीख विचारायची.

आणि काय लिहायचं नाही? कारण. पहिला नवरा कसा होता, सासू काय म्हणाली, दोष कोणाचा, हे कागदावर येता कामा नये. इथे रहोभ्याख्यान लागू होतं. ती दोन माणसांची गोष्ट आहे आणि त्यातलं एक माणूस उत्तर द्यायला समोर नाही.

आजाराचंही असंच, पण इथे घोळ जास्त. काही आया विचारतात, “मुलीला थायरॉइडची गोळी चालू आहे, लिहू का?” काही विचारतच नाहीत आणि लपवतात. माझं मत असं: परिचय-पत्रक हा शेकडो मोबाइलांवर फिरणारा कागद आहे, त्यावर कोणाच्याही आजाराचं नाव छापायचं नाही. पण होकार देण्याआधी, समोरासमोर, मुलाने मुलीला आणि मुलीने मुलाला सांगायचं. साखरपुड्यानंतर नाही, आणि मध्यस्थामार्फतही नाही. कायदाही इथे जागा आहे. लग्नाला संमती देताना महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल फसवणूक झाली असेल तर कलम १२खाली लग्न रद्द करून मागता येतं, मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि कळल्यावरही राजीखुशीने एकत्र राहिलं नसेल तरच. आधीचं लग्न लपवणं, गंभीर आजार लपवणं या दर्जाच्या गोष्टी त्यात येतात. वर्ण गोरा लिहून मुलगी सावळी निघाली, हे त्यात येत नाही, आणि येऊही नये.

आता त्या कागदाच्या तळाशी जाऊ, जिथे सगळं उघडंच ठेवलं होतं. पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, पत्ता, मोबाइल. बँकेत फोन केला तर ओळख पटवायला नेमकं हेच विचारतात. हा संच आपण अनोळखी माणसांना फोटोसकट वाटतो. वर कंपनीचं नाव दिलं, म्हणजे ती रोज संध्याकाळी कुठल्या दरवाजातून बाहेर पडते हेही सांगून झालं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला लग्न होऊन दोन मुलं झाल्यावरही स्थळांचे फोन येत होते, कारण तिचा जुना कागद कुठल्यातरी गटात अजून फिरत होता. नवऱ्याने हसून घेतलं. सगळे हसून घेत नाहीत.

म्हणून जन्माचा महिना आणि साल पुरे. पत्रिकेसाठी वेळ-तारीख हवी असेल त्यांनी एकदा फोनवर बोलावं, मग देऊ. पत्त्याऐवजी वस्ती लिहिली, ‘लोकमान्य नगर, इंदूर’. कंपनीच्या नावाऐवजी कामाचं स्वरूप आणि शहर. मुलीच्या मोबाइलऐवजी एक वेगळा नंबर, जो फक्त यासाठी घेतला आणि काम झाल्यावर बंद करता येईल. तो आईजवळ राहतो. आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत, कागद कोणत्या महिन्यात केला तो महिना आणि साल. तारीख नसलेला बायोडाटा वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि वय, पगार, पत्ता सगळंच खोटं होत जातं, कोणी खोटं न बोलता.

राहिलं ‘अपेक्षा: सुशिक्षित, निर्व्यसनी, अनुरूप’. ‘अनुरूप’ म्हणजे कोणाला? तिला विचारलं, खरोखर कशावर अडून बसशील? तिने तीन गोष्टी सांगितल्या. शहर इंदूर किंवा पुणे, कारण आईला इंदूरहून फार लांब नेता येणार नाही आणि पुण्यात धाकटी बहीण आहे. मुलगा दारू पिणारा नको. आणि आईच्या बाबतीत आधी स्पष्ट बोलणारा हवा. बस. मंगळाची ओळ तिला नकोच होती, ती काढली. ‘सौम्य’ मंगळ म्हणजे दोन्ही बाजूंची सोय, पत्रिका मानणाऱ्याला आहे आणि न मानणाऱ्याला नाही.

नवा कागद जुन्यापेक्षा चार ओळींनी लहान झाला. आधीचा कागद पाच महिने फिरला तेव्हा तिला बावीस फोन आले होते. नव्यावर आत्तापर्यंत सहा. त्या सहांपैकी चौघांनी पहिल्याच बोलण्यात आईबद्दल विचारलं, एकाने तर त्याच्याही वडिलांचं सांगितलं, ते अंथरुणाला आहेत. अजून काही ठरलेलं नाही. काका अधूनमधून मला ऐकवतात की बावीस कुठे आणि सहा कुठे.

हा कागद संमेलनाच्या पुस्तिकेसाठी द्यायला गेलो तेव्हा खरी अडचण आली. छापील फॉर्मवर मुलगा-मुलगी दोघांसाठी शब्द होता ‘प्रत्याशी’, जणू निवडणुकीला उभी आहेत. त्याखाली मुलींच्या फॉर्मवर रकाना होता ‘वर्ण’, मुलांच्या फॉर्मवर त्या जागी ‘वार्षिक आय’. मी समितीच्या भाऊसाहेबांना म्हटलं, वर्ण काढा, मुलीच्या फॉर्मवरही उत्पन्न घाला, आणि दोघांच्याही फॉर्मवर ‘कोणाची जबाबदारी आहे’ असा एक रकाना द्या. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, “सूचना चांगली आहे ताई, पण यंदाचे फॉर्म छापून झालेत.” त्या मुलीने ‘वर्ण’च्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि फॉर्म त्यांच्या हातात दिला. पुढच्या वर्षीचे फॉर्म अजून छापायचे आहेत. ज्यांच्या घरात मुली आहेत, आणि ज्यांच्या घरात मुलगे आहेत, त्यांनीही समितीला हे तीन बदल आत्ताच लिहून द्यावेत.